अठ्ठेचाळीस महिने लक्षात ठेवणारं चाक

तारीख दाखवणारं साधं मनगटी घड्याळ वर्षातून पाच वेळा चुकतं. फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर हे महिने संपले की दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत भलताच आकडा असतो. १ मेला ३१ दिसतो, १ मार्चला २९. यात घड्याळाचा दोष नाही. त्याच्या आत तारखेची एकच चकती असते, तिच्यावर १ ते ३१ आकडे छापलेले असतात आणि रोज मध्यरात्री ती एक घर पुढे सरकते. महिना कोणता, हे तिला सांगणारं आत काहीच नसतं. मग आपण किल्ली ओढून तारीख पुढे ढकलतो आणि पुढचे दोन-तीन महिने निभावून नेतो.

याच कामासाठी घड्याळजींनी एक यंत्रणा बनवली. तिला पर्पेच्युअल कॅलेंडर म्हणतात. महिना ३० चा की ३१ चा, फेब्रुवारी २८ चा की २९ चा, हे तिला आपोआप कळतं. तिच्यात सेल नसतो, चिप नसते. जे काही ‘कळतं’ ते दातेरी चाकं, तरफा आणि स्प्रिंगा यांच्या आकारातून कळतं. अशा घड्याळाची किंमत मात्र काही लाख रुपयांपासून सुरू होते आणि नामांकित स्विस घराण्यांकडे कोटीच्या आसपास जाते. तारीख तर खिशातला फोनही दाखवतो. मग एवढे पैसे नेमके कशाचे, आणि ते मोजावेत का? याचं उत्तर आतली यंत्रणा समजून घेतल्याशिवाय देता येत नाही, म्हणून आधी तिच्याकडे वळू.

लहानपणी आपण सगळ्यांनी मुठीवर महिने मोजले आहेत. मूठ वळायची, उंचवट्यावर जानेवारी, खळग्यात फेब्रुवारी, पुन्हा उंचवट्यावर मार्च. उंच भाग ३१ चा, खोलगट भाग त्याहून कमी दिवसांचा. पर्पेच्युअल कॅलेंडरचा गाभा नेमका हाच आहे. आत एक छोटी पोलादी चकती असते, तिचा व्यास एका सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. तिच्या कडेवर चार वर्षांचे ४८ महिने कोरलेले असतात, प्रत्येक महिन्याच्या वाट्याला साडेसात अंश. ३१ दिवसांच्या महिन्याला कड पूर्ण उंचीची ठेवलेली असते. असे महिने चार वर्षांत २८ येतात. ३० दिवसांच्या १६ महिन्यांना उथळ खाच असते. राहिले चार फेब्रुवारी. त्यांपैकी तिघांना सगळ्यात खोल खाच, आणि चौथ्याला, म्हणजे लीप वर्षातल्या फेब्रुवारीला, त्या तिघांपेक्षा किंचित उथळ खाच. २८ आणि २९ यांच्यातला सगळा फरक धातूच्या त्या एवढ्याशा उंचीत साठवलेला असतो. महिन्यातून एकदा ही चकती एक घर फिरते आणि चार वर्षांनी तिची एक फेरी पूर्ण होते.

ही कड वाचण्याचं काम एक लांब, वाकडीतिकडी तरफ करते. स्विस घड्याळजी तिला मोठी तरफच म्हणतात. घड्याळातलं एक चाक २४ तासांत एक फेरी घेतं आणि त्याच्यावरचा दांडा रोज रात्री या तरफेला एक झोका देतो. तरफेला बरेच हात असतात. एक हात वाराच्या सात दात्यांच्या चाकाला पुढे ढकलतो, दुसरा तारखेच्या ३१ दात्यांच्या चाकाला एक दाता पुढे नेतो. तिसऱ्या हाताच्या टोकाला चोच असते आणि ती चोच त्या ४८ महिन्यांच्या चकतीच्या कडेवर टेकते. झोका देण्याआधी तरफ थोडी मागे येते. किती मागे यायचं, हे चोचीखाली काय आहे यावर ठरतं. कड उंच असेल तर चोच लगेच अडते आणि तरफ थोडीच मागे येते. खाच असेल तर चोच आत उतरते आणि तरफ जास्त मागे येते. जितकी ती मागे, तितका तिचा पुढचा धक्का लांब.

आता प्रश्न असा येतो की फेब्रुवारीभर चोच त्याच खोल खाचेत उतरत असते, मग धक्का रोजच लांब बसायला हवा. ७ तारखेची ८ होण्याऐवजी एकदम ११ का होत नाही? यासाठी तारखेच्या चाकाच्या पाठीवर आणखी एक चकती बसवलेली असते. तिची कड गोलाकार वाढत जाते आणि एका ठिकाणी एकदम तुटून तिथे एक पायरी तयार होते. तरफेवरचा आणखी एक अणकुचीदार खिट्टा या कडेवरून रोज घासत जातो. गुळगुळीत कडेवर त्याला पकडायला काही नसतं, म्हणून तो नुसताच सरकतो आणि तारीख दुसऱ्या हाताच्या बळावर एकच घर पुढे जाते. पण ही पायरी तारखेबरोबर रोज एक घर पुढे येत असते आणि महिनाअखेरीला खिट्ट्याच्या टप्प्यात येते. टप्पा किती लांबचा, हे खाचेच्या खोलीवर ठरलेलं असतं.

एक रात्र घेऊन पाहू. २८ फेब्रुवारी २०२७, रविवार. घड्याळ संध्याकाळपासूनच कामाला लागलेलं असतं. रात्री नऊ-दहाच्या सुमारास चोच खोल खाचेच्या तळाशी बसलेली असते, तरफ पुरती मागे आलेली असते आणि खिट्टा पायरीच्या मागे जाऊन बसतो. २७ तारखेच्या रात्रीही चोच इतकीच खोल होती, पण पायरी अजून एक घर लांब होती, म्हणून खिट्टा तिला चुकला. आज तो चुकत नाही. २४ तासांच्या चाकावरचा दांडा तरफेला पुढे रेटू लागतो, खिट्टा पायरीला ढकलत नेतो आणि तारखेचा काटा २८ वरून २९, ३०, ३१ असे आकडे ओलांडत १ वर येऊन थांबतो. एका झोक्यात चार दाते. वाराचा काटा तेवढ्या वेळात एकच घर सरकून सोमवारवर आलेला असतो, कारण वाराच्या चाकाचा या पायरीशी संबंध नाही. आणि तारीख ३१ वरून १ कडे जाताना तारखेच्या चाकावरचं एक बोट महिन्याच्या चकतीला साडेसात अंशांनी फिरवतं. चोचीखाली मार्चची उंच कड येते. उद्या रात्री तरफ पुन्हा थोडीच मागे येईल.

वर्षभरानंतर, २८ फेब्रुवारी २०२८ च्या सोमवारी रात्री, चोच लीप वर्षाच्या खाचेत असते. ती खाच किंचित उथळ, त्यामुळे खिट्टा तेवढाच कमी मागे जातो. पायरी त्याच्या हातून एका दात्याने निसटते आणि तारीख निमूटपणे २९ होते. दुसऱ्या रात्री, मंगळवारी, पायरी आणखी एक घर पुढे आलेली असते. आता ती सापडते आणि तीन दाते एकदम सरकून १ मार्च येतो.

सगळेच कारागीर ४८ महिन्यांची चकती वापरत नाहीत. काही घड्याळांत १२ महिन्यांचीच चकती असते आणि फेब्रुवारीच्या जागी एक चिमुकलं वेगळं चाक बसवलेलं असतं. ते दर वर्षी पाव फेरी घेतं. त्याच्या चार बाजूंपैकी तीन सारख्या असतात आणि एक थोडी उंच. चकती लहान राहते, खाचा रुंद होतात आणि चोचीला बसायला जागा मिळते. त्याबदली भाग वाढतात.

आपल्याकडच्या वाचकाच्या मनात इथे पंचांग आल्याशिवाय राहणार नाही. चार वर्षांची चकती आपल्या चांद्र महिन्यांना पुरणार नाही. १९ वर्षांत साधारण ७ अधिक मास येतात, ते ठरलेल्या महिन्यात येत नाहीत आणि क्वचित क्षय मासही पडतो. इंग्रजी कॅलेंडर ओबडधोबड असलं तरी त्याची उजळणी चार वर्षांत होते. पोलादात कोरता येण्याइतकं ते नियमित आहे, म्हणूनच हे घड्याळ शक्य झालं.

तरीही ते पूर्ण नियमित नाही, आणि इथेच ‘पर्पेच्युअल’ या दाव्याला मर्यादा पडते. १५८२ मध्ये पोप तेराव्या ग्रेगरीने कॅलेंडर दुरुस्त केलं. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर धरला गेला आणि पुढच्यासाठी नियम ठरला की शतकाचं वर्ष ४०० ने भाग जात असेल तरच लीप. २००० लीप होतं. २१०० नसेल. पण चार वर्षांच्या चकतीला शतक ठाऊक नाही. १ मार्च २१०० या सोमवारी जगातली जवळजवळ सगळी यांत्रिक पर्पेच्युअल घड्याळं २९ फेब्रुवारी दाखवतील आणि कोणाला तरी हाताने ती सुधारावी लागतील. त्यापुढेही जाणारी घड्याळं आहेत. स्वेंड अँडरसन यांनी १९९६ मध्ये शतकाचा नियम पाळणारं मनगटी घड्याळ केलं. आयडब्ल्यूसी कंपनीने २०२४ मध्ये आणलेल्या घड्याळात ४०० वर्षांत एक फेरी घेणारं चाक आहे. पण आज विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने २१०० ची ही त्रुटी दोष मानू नये, असं माझं मत आहे. ज्या चुकीला पाऊणशे वर्षं अवकाश आहे, तिच्यासाठी जास्तीची चाकं आणि त्यांचे जास्तीचे पैसे हा निव्वळ हौसेचा मामला आहे.

ही यंत्रणा नवी नाही. इंग्लंडच्या थॉमस मज याने १७६० च्या दशकात खिशातल्या घड्याळात ती बसवली होती. मनगटावर ती आली १९२५ मध्ये. पाटेक फिलिप कंपनीने स्त्रियांच्या लटकणाच्या घड्याळासाठी १८९८ मध्ये बनवलेलं एक छोटं यंत्र मनगटी घड्याळात बसवून विकलं. पण पुढची साठ वर्षं ही घड्याळं मोजक्या लोकांसाठी मोजक्या कारागिरांनी हाताने जुळवलेली होती. वापरायलाही ती कटकटीची. वार, तारीख, महिना आणि चंद्रकला यांची वेगवेगळी बटणं केसच्या कडेला बुजवलेली असत आणि टोकदार काडीने ती दाबावी लागत. एक चुकलं की बाकीच्यांशी त्याचा मेळ तुटे.

यात खरा बदल केला शाफहाउझेनच्या कुर्ट क्लाउस यांनी, आणि तोही ज्या काळात यांत्रिक घड्याळाचं भवितव्य संपल्यासारखं वाटत होतं त्या काळात. जपानी क्वार्ट्झ घड्याळांनी स्विस उद्योग मोडकळीला आणला होता. १९७० च्या सुमारास त्या उद्योगात ९० हजारांच्या आसपास माणसं होती, ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ती निम्म्याहूनही कमी उरली. आयडब्ल्यूसीत काम करणाऱ्या क्लाउस यांनी त्या दिवसांत कागदावर पेन्सिलने आकडेमोड करून एक पर्पेच्युअल कॅलेंडर आखलं. १९८५ मध्ये ‘दा विंची’ या नावाने ते बाजारात आलं.

त्यांनी ठरवलेली अट साधी होती: मूळ घड्याळाकडून रोज रात्री फक्त एक धक्का घ्यायचा, तारीख बदलण्याचा, आणि बाकी सगळं त्या एका धक्क्यावर चालवायचं. तारखेने वार सरकवायचा, चंद्र सरकवायचा, महिना सरकवायचा, महिन्याने वर्ष. पाया म्हणून घेतलं ते वाल्झू ७७५० हे ठोक प्रमाणात बनणारं, दणकट यंत्र. वर कॅलेंडरचे ऐंशीच्या आसपास भाग. सगळे भाग एकमेकांना बांधलेले असल्यामुळे बटणांची गरजच उरली नाही. किल्ली एक घर ओढून फिरवली की पूर्ण कॅलेंडर एकदम एक दिवस पुढे जातं. तबकडीवर वर्षाचे चारही आकडे दिसतात, आणि शतकाचे दोन आकडे एका पट्टीवर असतात. ती पट्टी शंभर वर्षांत एकदाच हलते. घड्याळासोबत एका छोट्या काचेच्या नळीत पुढची पट्टीही दिली जाई, २२०० ते २४९९ या वर्षांची. ज्या उद्योगाला पुढच्या दहा वर्षांची खात्री नव्हती, त्यातल्या एका माणसाने पाचशे वर्षांची सोय करून ठेवली, याचं मला आजही फार मोल वाटतं.

पण सगळं एकत्र बांधण्याची किंमतही आहे. हे कॅलेंडर फक्त पुढे जातं, मागे येत नाही. किल्ली फिरवताना चुकून तीन दिवस जास्त पुढे गेलात तर दोनच वाटा उरतात. एक, घड्याळ बंद ठेवून तो दिवस उजाडेपर्यंत थांबायचं. दोन, ते कारखान्यात पाठवायचं. चूक एका वर्षाची असेल तर पहिली वाट मिटतेच. २१०० मध्येही अशीच अडचण येणार आहे. किल्लीने तारीख एक दिवस पुढे ढकलली की वारही एक दिवस पुढे जाईल, आणि बरोबर असलेला वार चुकेल. म्हणून तिथे घड्याळजीलाच उघडावं लागेल. जुन्या बटणांच्या घड्याळात हा प्रश्न येत नाही, तारीख वेगळी आणि वार वेगळा सुधारता येतो. नंतरच्या काही कारागिरांनी दोन्ही दिशांनी फिरणारी कॅलेंडरं केली. लुडविग ओक्सलिन यांचं युलिस नार्दिनसाठीचं १९९६ चं घड्याळ हे त्यांतलं ठळक नाव. विकत घेताना तबकडीच्या रंगाआधी याची चौकशी करावी.

बिघाडांचं म्हणाल तर निम्म्याहून अधिक मालकाच्या हातून होतात, असं या कामातले लोक सांगतात, आणि यंत्रणा पाहिली की ते पटतं. रात्री साधारण आठ-नऊपासून पहाटे तीन-चारपर्यंत तरफ आणि चाकांचे दाते एकमेकांत अडकलेले असतात. त्या वेळात तारखेचं बटण दाबलं तर चाकाला दोन बाजूंनी दोन वेगळे धक्के बसतात. नाजूक खिट्टा वाकतो किंवा दाता तुटतो. म्हणून नियम असा की काटे आधी सकाळी सहाच्या आसपास आणायचे, मगच कॅलेंडरला हात लावायचा. दुसरी गोष्ट, घड्याळ थांबू द्यायचं नाही. पूर्ण किल्ली दिलेलं घड्याळ मॉडेलप्रमाणे दोन-तीन दिवस चालतं. आठवडाभर कपाटात पडलं की तारीख, वार, चंद्र असं सगळं मागे राहतं आणि पुन्हा बसवावं लागतं. ज्या यंत्रणेचं एकमेव काम म्हणजे तारीख बसवण्याचा त्रास वाचवणं, तिला रोज हातात घालणारा मालक नसेल तर ती साध्या घड्याळापेक्षा जास्त त्रास देते.

यंत्राचा स्वतःचा थकवा महिनाअखेरीला दिसतो. एका झोक्यात चार दाते सरकवायला एरवीपेक्षा जास्त जोर लागतो आणि तो जोर मुख्य स्प्रिंगमधूनच येतो. तेल सुकलेलं असेल किंवा स्प्रिंग दमलेली असेल तर घड्याळ नेमकं अशाच रात्री मंदावतं, कधी थांबतंही. चोच झिजली असेल, किंवा तिला खाली दाबणारी बारीक स्प्रिंग ढिली झाली असेल, तर ती खाचेच्या तळापर्यंत पोचत नाही. मग तारीख बदलताना गडबडते आणि चुकीच्या आकड्यावर राहते. तारखेचा काटा दोन आकड्यांच्या मधे अडकून राहणं हीही वाईट खूण आहे. वर्षभर निर्दोष चालणारं घड्याळ १ मार्चला चुकलं तर समजावं की बिघाड नवा नाही. खोल खाचेची परीक्षा वर्षातून एकदाच होते आणि ती त्या रात्री झाली.

आता पैशांकडे येऊ. जे वाचतं त्याचा हिशोब सोपा आहे. साध्या घड्याळात वर्षाला पाच वेळा तारीख सुधारावी लागते, म्हणजे दहा वर्षांत पन्नास वेळा. एका वेळेला अर्धा मिनिट धरा. दहा वर्षांत पंचवीस मिनिटं. यांच्या मधली एक जात आहे, तिला अॅन्युअल कॅलेंडर म्हणतात. पाटेक फिलिपने ती १९९६ मध्ये आणली. तिला ३० आणि ३१ यांतला फरक कळतो, पण फेब्रुवारीही ती ३० दिवसांचा धरते, म्हणून वर्षातून एकदाच, १ मार्चला, हात लावावा लागतो. तिथे दहा वर्षांत पाच मिनिटं जातात. रोलेक्सचं स्काय-ड्वेलर हेही असंच अॅन्युअल कॅलेंडर. रोलेक्सच्या इतर घड्याळांवर ‘पर्पेच्युअल’ असं लिहिलेलं असतं ते आपोआप किल्ली बसण्याबद्दल आहे, कॅलेंडरशी त्याचा काही संबंध नाही, आणि जुन्या बाजारात काही विक्रेते यावर ग्राहकाला फसवू पाहतात.

फक्त अचूक तारीख हवी असेल तर उत्तर स्वस्तातलं आहे. कॅसिओच्या काही हजार रुपयांच्या डिजिटल घड्याळांत २०९९ पर्यंतचं पूर्ण कॅलेंडर भरलेलं असतं. सिटिझनच्या प्रकाशावर चालणाऱ्या काही क्वार्ट्झ घड्याळांतही लीप वर्षासकट सगळं असतं. मात्र त्यातही पाहून घ्यावं. कॅसिओचंच सगळ्यात स्वस्त आणि लोकप्रिय एफ-९१डब्ल्यू हे मॉडेल वर्ष साठवत नाही, फेब्रुवारी नेहमी २८ चाच धरतं आणि दर लीप वर्षी चुकतं.

म्हणजे सोयीसाठी यांत्रिक पर्पेच्युअल कॅलेंडर घेणं कोणत्याही हिशोबात बसत नाही. जे पैसे मोजले जातात ते हाताच्या कामाचे. एकेक तरफ घासून, चोचीची लांबी जुळवून, काढून, पुन्हा बसवून, चार वर्षांचे सगळे महिनाअखेर हाताने फिरवून तपासावे लागतात. मोठ्या घराण्यांत याला आणखी एक खर्च जोडला जातो तो दिसण्याचा: प्रत्येक भागाच्या कडा हाताने उतरवून चकचकीत करायच्या, डोळ्याला कधी न दिसणाऱ्या बाजूही. २०१६ मध्ये फ्रेडरिक कॉन्स्टंट कंपनीने स्टीलमधलं पर्पेच्युअल कॅलेंडर ९ हजार डॉलरच्या आत आणलं, तेव्हा हे स्पष्ट झालं. आकार देण्याचं काम यंत्रांवर सोपवलं, सजावट साधी ठेवली, तर हेच कॅलेंडर इतक्या किमतीत बसतं. पाटेक फिलिपच्या साध्यातल्या साध्या पर्पेच्युअलला लाखभर डॉलर पडतात. दोन्हींत तारीख तितकीच बरोबर असते. मधलं अंतर सोन्याचं, हाताच्या सजावटीचं, पातळपणाचं आणि नावाचं आहे.

माझा कौल असा आहे. रोज एकच घड्याळ घालणारा माणूस असेल, आत काय चाललं आहे याचं त्याला खरंच कुतूहल असेल आणि दर पाच-सात वर्षांनी येणारा सर्व्हिसिंगचा खर्च त्याला झेपत असेल, तर किंमत वाजवी आहे. त्यातही खालच्या टोकाची घड्याळं जास्त वाजवी, कारण यंत्रणेचं मर्म तिथेही पूर्ण मिळतं. सर्व्हिसिंगची चौकशी मात्र आधीच करावी. आपल्या गल्लीतला चांगला घड्याळजीही ही तरफ उघडायला सहसा तयार होत नाही, घड्याळ कंपनीच्या केंद्रात, बहुधा थेट स्वित्झर्लंडला जातं आणि काही महिने परत येत नाही. ज्याच्याकडे पाच-सहा घड्याळं आहेत आणि तो ती आलटून पालटून घालतो, त्याने अॅन्युअल कॅलेंडर घ्यावं किंवा साधं तारखेचं. आणि गुंतवणूक म्हणून कोणी पर्पेच्युअल विकू पाहत असेल तर त्याचं ऐकू नये. दोन-चार नावं सोडली तर या घड्याळांची किंमत दुकानातून बाहेर पडताच बरीच उतरते.

या उतरण्याचा फायदा मात्र घेता येतो. नवं घेण्यापेक्षा काही वर्षं वापरलेलं, सर्व्हिसिंगची कागदपत्रं असलेलं घड्याळ पाहावं. पैसे देण्याआधी विक्रेत्याला समोर बसवून एवढं करायला सांगावं: कॅलेंडर साध्या वर्षाच्या २८ फेब्रुवारीला आणून ठेवायचं, काटे हळूहळू मध्यरात्रीपलीकडे फिरवायचे आणि तारीख थेट १ मार्चवर येते का ते पाहायचं. मग लीप वर्षाचा फेब्रुवारी, आणि शेवटी ३० एप्रिल. तिन्ही वेळा काटा आकड्यावर बरोबर बसला पाहिजे, वार एकच घर सरकला पाहिजे. कॅलेंडर फक्त पुढे जाणारं असेल तर ते पुन्हा आजच्या तारखेला आणण्याची जबाबदारीही विक्रेत्याची. जो हे करून दाखवायला टाळाटाळ करेल, त्याच्याकडून ते घड्याळ घेऊ नये.